जीबीच्या आधी यूएफएस: दहा-पंधरा हजारांचा फोन घेताना स्टोरेज आणि रॅम कशी तपासायची

नागपुरात सिताबर्डीच्या मेन रोडवर दहा-पंधरा हजारांचा फोन मागितला की काउंटरवर दोन खोकी शेजारी-शेजारी येतात. एकावर ठळक अक्षरांत ‘१६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज’, दुसऱ्यावर ‘६ जीबी, १२८ जीबी’. किंमत पाचशे-हजाराच्या फरकाने सारखीच. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिलं खोकं उचलतं. मग सहा-आठ महिन्यांनी मेट्रोच्या गेटसमोर तिकिटाचा क्यूआर उघडायला इतका वेळ लागतो की मागची रांग खाकरायला लागते.

फोनमध्ये जागा भरपूर असते, रॅमही कागदावर भरपूर असते, तरी तो अडखळतो. कारण स्टोरेज कोणत्या जातीचं आहे हे खोक्यावर सहसा छापलेलंच नसतं. ते दुकानात कसं ओळखायचं, घरी आणल्यावर पक्कं कसं करायचं आणि मंद स्टोरेजचा फोन आधीच गळ्यात पडला असेल तर त्याच्याकडून बरं काम कसं करून घ्यायचं, ते इथे क्रमाने पाहू. बोलणं या किंमतपट्ट्यातल्या अँड्रॉइड फोनांपुरतंच आहे, कारण सगळ्यात मोठी तफावत इथेच सापडते.

## दोन जाती: ईएमएमसी आणि यूएफएस

स्वस्त फोनांत स्टोरेजचे दोन प्रकार असतात. पहिला ईएमएमसी, आणि आज विकला जाणारा त्याचा अवतार म्हणजे ईएमएमसी ५.१. हे मानक २०१५ सालचं आहे. दुसरा यूएफएस. या किमतीत त्याची २.२ ही आवृत्ती मिळते, जी २०२० साली आली. दोन्हींच्या पोटात फ्लॅश मेमरीच असते. फरक आहे तो त्या मेमरीशी प्रोसेसर कसा बोलतो यात.

ईएमएमसीची वाट एकेरी पुलासारखी आहे: एका वेळी डेटा एकतर आत जाणार किंवा बाहेर येणार. लिहिणं चालू असताना वाचायचं असेल तर लिहिणं थांबावं लागतं. यूएफएसमध्ये जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यामुळे वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी चालू शकतं. शिवाय अनेक छोट्या मागण्या रांगेत लावून त्यांचा सोयीचा क्रम ठरवण्याची व्यवस्था यूएफएसच्या रचनेत पहिल्यापासून आहे. ईएमएमसीमध्ये ती ५.१ या आवृत्तीत मागाहून जोडली गेली.

कागदावरची कमाल मर्यादा ईएमएमसी ५.१ साठी सेकंदाला ४०० एमबी आहे, तर दोन लेनच्या यूएफएस २.२ साठी साधारण १,२०० एमबी. प्रत्यक्षात सलग वाचनाला ईएमएमसी २५०–३०० एमबी देतं आणि यूएफएस २.२ पाचशेच्या पुढे, चांगल्या चिपवर हजाराच्या आसपास. पण सलग वाचनाचा हा आकडा रोजच्या वापरात फारसा कामाला येत नाही. फोन दिवसभर एकच मोठी फाइल वाचत बसत नाही. व्हॉट्सअॅपचा संदेश आला की डेटाबेसमध्ये दोन-चार किलोबाइटची नोंद होते, गॅलरी उघडली की शेकडो छोटे थंबनेल वाचले जातात, अॅप सुरू करताना शंभर ठिकाणचे तुकडे गोळा होतात. अशा विखुरलेल्या वाचनात ईएमएमसी ५.१ साधारण ५०–८० एमबीवर येतं आणि यूएफएस २.२ दीडशे ते अडीचशेच्या घरात राहतं. बोटाला जाणवतो तो वेग हाच.

## एका सकाळचा हिशोब

समजा ‘१६ जीबी, २५६ जीबी’ लिहिलेल्या फोनमध्ये मीडियाटेक हेलिओ जी८५ आणि ईएमएमसी ५.१ आहे, आणि ‘६ जीबी, १२८ जीबी’वाल्यात हेलिओ जी९९ आणि यूएफएस २.२. बाजारात अशा जोड्या खरोखर भेटतात. सकाळी घरच्या वायफायवर प्ले स्टोअरने दहा-बारा अॅपचे मिळून दीड जीबीचे अपडेट सुरू केले.

१०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा एमबी येतात, म्हणजे डाउनलोडला दोन मिनिटं. एवढं लिहायला ईएमएमसीही पुरेसं आहे, अडचण नंतर येते. उतरलेली प्रत्येक फाइल पुन्हा वाचून तिची सही तपासली जाते, ती उलगडून लिहिली जाते, मग अॅपचा कोड त्या फोनसाठी तयार करून त्याचा निकालही लिहिला जातो. एकच डेटा स्टोरेजवर दोन-तीनदा ये-जा करतो, आणि त्यातलं बरंच काम बारीक तुकड्यांचं असतं.

त्याच वेळी तुम्हाला दूधवाल्याला पैसे द्यायचे आहेत. यूपीआय अॅप आधी बंद होतं, त्यामुळे ते स्टोरेजवरून नव्याने उचलावं लागणार. त्यासाठी दीडशे एमबी विखुरलेलं वाचन लागतं असं धरू. ईएमएमसीवर सेकंदाला ६० एमबीने अडीच सेकंद, यूएफएसवर १८० एमबीने एक सेकंदाच्या आत. आता अपडेटचं लिहिणं मध्ये घुसलं की एकेरी वाटेवर वाचन थांबून-थांबून होतं आणि अडीचचे चार-पाच सेकंद होतात. यूएफएसवर हा धक्का फारसा कळत नाही. एरवी ठीक चालणारा फोन मध्येच गुंगीत गेल्यासारखा का वागतो, याचं उत्तर बहुतेक वेळा असंच असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या जोडीत प्रोसेसरही वेगळे आहेत. जी९९ चे दोन मोठे कोअर कॉर्टेक्स-ए७६ आहेत आणि जी८५ चे कॉर्टेक्स-ए७५, त्यामुळे जाणवणारा सगळा फरक स्टोरेजच्या खात्यावर टाकता येत नाही. पण हाच मुद्दा खरेदीच्या वेळी फायद्याचा ठरतो: चांगलं स्टोरेज आणि बरा प्रोसेसर सहसा जोडीनेच येतात, म्हणून एक ओळखला की दुसऱ्याचा अंदाज लागतो.

## ‘१६ जीबी’ रॅम कुठून आली

खोक्यावर १६ च्या शेजारी एक बारीक तारा असतो. खाली मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं की यातले ८ जीबी खरे आणि ८ जीबी ‘एक्स्टेंडेड’. ही वाढीव रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा. खरी रॅम भरली की न लागणारी पानं तिथे नेऊन ठेवायची आणि लागली की परत आणायची, एवढीच ती सोय.

आता वेग पाहा. जी९९ मध्ये असलेली एलपीडीडीआर४एक्स रॅम ४,२६६ मेगाट्रान्सफरने, ३२ बिटच्या वाटेवर, सेकंदाला साधारण १७ जीबी हलवू शकते. ईएमएमसी फार तर पाव ते ०.३ जीबी, तेही सलग असेल तर. म्हणजे ‘वाढीव रॅम’ खऱ्या रॅमच्या पन्नासाव्या हिश्श्याइतक्याही वेगाची नाही. वर ती त्याच अरुंद वाटेवर भार टाकते जिथे अॅपची फाइल, फोटो आणि अपडेट आधीच रांगेत आहेत. यूएफएसवर ही सोय कधीमधी उपयोगी पडू शकते. ईएमएमसीच्या फोनमध्ये ती चालू ठेवणं म्हणजे फोन मुद्दाम मंद करणं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खऱ्या रॅमच्या आकड्याला अर्थ आहेच, पण एका हद्दीपर्यंत. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची अॅप बंद करून टाकतो, आणि तेच अॅप पुन्हा उघडताना सगळं स्टोरेजवरून वाचावं लागतं. म्हणजे कमी रॅमची किंमत शेवटी स्टोरेज चुकवतं. ४ जीबीच्या फोनमध्ये हे सतत होतं. ६ जीबीला रोजचा वापर बऱ्यापैकी बसतो, ८ जीबीला ऐसपैस. त्यापुढचे जीबी या किमतीच्या फोनमध्ये बहुतेक वेळ रिकामे बसतात. ६ जीबी आणि यूएफएस की ८ जीबी आणि ईएमएमसी, असा पेच पडला तर पहिला फोन घ्यावा.

रॅमच्या जातीचं काय? या पट्ट्यात जवळजवळ सगळीकडे एलपीडीडीआर४एक्सच मिळते, त्यामुळे निवडायला फारसं उरत नाही. अगदी तळाच्या फोनांत, हेलिओ जी३५ सारख्या चिपसोबत, जुनी एलपीडीडीआर३ असू शकते. तसा फोन टाळलेला बरा. एलपीडीडीआर५ चा लाभ कळतो तो जड गेममध्ये आणि कॅमेऱ्याच्या अनेक-फ्रेम प्रक्रियेत, कारण तिथे ग्राफिक्स आणि प्रोसेसर दोघंही एकाच रॅमवर ओढ लावतात. व्हॉट्सअॅप, यूपीआय, यूट्यूब, नकाशे यांच्यापुरतं पाहिलं तर स्टोरेजची जात आधी, खऱ्या रॅमचा आकडा त्यानंतर आणि रॅमची जात सगळ्यात शेवटी.

## पायरी पहिली: दुकानात जाण्याआधी चिपसेटचं नाव शोधा

प्रोसेसर ज्या स्टोरेजला जोडताच येत नाही ते स्टोरेज त्या फोनमध्ये असूच शकत नाही. म्हणून चिपसेटचं नाव हा सगळ्यात पक्का धागा आहे.

हेलिओ जी८५ फक्त ईएमएमसी ५.१ घेतो. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, या चिपच्या फोनमध्ये यूएफएस नसणार. हेलिओ जी९९ आणि डायमेन्सिटी ६३०० या चिप यूएफएस २.२ साठी बनलेल्या आहेत. खरी गोम मधल्या चिपांमध्ये आहे. स्नॅपड्रॅगन ६८० आणि युनिसॉक टी६०६ दोन्ही प्रकारचं स्टोरेज घेऊ शकतात, त्यामुळे एका फोनमध्ये यूएफएस आणि तीच चिप असलेल्या दुसऱ्यात ईएमएमसी, असं होऊ शकतं.

नंतर फोन बनवणाऱ्या कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर त्या मॉडेलचं तपशिलाचं पान उघडा आणि ‘LPDDR’ व ‘UFS’ हे शब्द शोधा. यूएफएस वापरलं असेल तर कंपनी ते मिरवते. पानावर फक्त ‘128 GB ROM’ एवढंच लिहून पुढचं सगळं गाळलं असेल तर ईएमएमसीच आहे असं धरून चालावं. हा अंदाज क्वचितच चुकतो. ऑनलाइन विक्रीच्या पानावरचा तक्ता मात्र पुरावा मानू नका. तो बऱ्याचदा विक्रेत्याने भरलेला असतो.

इथे एक सापळा आहे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांत स्टोरेजची जात वेगळी असू शकते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीच्या प्रकारात यूएफएस ३.१ आहे आणि २५६ जीबीच्या प्रकारात यूएफएस ४.०. स्वस्त फोनांत तर ६४ जीबीला ईएमएमसी आणि १२८ जीबीला यूएफएस अशी विभागणी होते. २०१७ साली हुआवेच्या पी१० या महागड्या फोनमध्ये एकाच मॉडेलच्या काही नगांत ईएमएमसी आणि काहींत यूएफएस निघालं, रॅमही काहींत एलपीडीडीआर३ आणि काहींत एलपीडीडीआर४. त्यावर बरीच टीका झाली आणि कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. म्हणून तपशील पाहताना नेमका तुम्ही घेणार तोच प्रकार पाहा: रॅमचा आकडा, स्टोरेजचा आकडा, आणि फाइव्ह-जी की फोर-जी.

## पायरी दुसरी: काउंटरवर

सीलबंद खोकं उघडून कोणी दाखवणार नाही, पण डिस्प्लेवरचा फोन हातात मिळतो. आधी थेट विचारा: “भाऊ, यात स्टोरेज यूएफएस आहे की ईएमएमसी?” बहुतेक वेळा “१२८ आहे ना भाऊ, भरपूर झालं” असं उत्तर येतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, सेल्समनलाही ते माहीत नसतं. डिस्प्लेचा फोन घ्या, सेटिंग्जमध्ये ‘About phone’ उघडा आणि प्रोसेसरचं नाव वाचा. ते पहिल्या पायरीतल्या नावांशी जुळतंय का पाहा. रॅमच्या ओळीत ‘8 GB + 8 GB’ असं दिसलं तर अधिकच्या चिन्हानंतरचं सगळं सोडून द्या.

दुकानदाराची हरकत नसेल तर डिस्प्लेच्या फोनवर स्टॉपवॉच लावूनही बघता येतं. फोन रीस्टार्ट करा आणि पूर्ण दोन मिनिटं तसाच ठेवा, कारण सुरू झाल्याझाल्या फोन स्वतःच्याच कामात असतो. मग कॅमेरा, नकाशे, यूट्यूब आणि गॅलरी एकामागून एक उघडा. प्रत्येक अॅप पहिल्यांदा उघडायला लागलेला वेळ तेवढा मोजायचा. दुसऱ्यांदा उघडलं की ते रॅममधून येतं आणि दोन्ही फोन सारखेच चपळ वाटतात. दुकानातली पारख फसते ती नेमकी इथेच, कारण सेल्समन जे अॅप दाखवतो ते त्याने सकाळपासून वीसदा उघडलेलं असतं.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्या. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उन्हातून आणलेला किंवा काचेच्या कपाटात दिव्याखाली तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो. एक फोन एसीजवळचा आणि दुसरा तापलेला, अशी तुलना करू नका. दोन्ही हाताला सारखेच थंड लागत असतील तेव्हाच मोजा.

## पायरी तिसरी: घरी पहिल्याच दिवशी पक्कं करा

बदलून देण्याची मुदत असते ती थोड्या दिवसांची, म्हणून खोकं उघडल्यावर ही तपासणी लगेच करावी. प्ले स्टोअरवरचं ‘Device Info HW’ सारखं अॅप बहुतेक फोनांत स्टोरेजची जात दाखवतं. संगणक असेल तर त्याहून भक्कम मार्ग आहे.

संगणकावर गूगलचं ‘SDK Platform Tools’ उतरवा. फोनमध्ये ‘About phone’ मधल्या ‘Build number’वर सात वेळा टिचकी मारा. त्याने ‘Developer options’ दिसू लागतात, त्यात ‘USB debugging’ चालू करा. केबल जोडा, फोनच्या पडद्यावर परवानगी द्या आणि ही आज्ञा चालवा:

```
adb shell getprop ro.boot.bootdevice
```

उत्तरात `ufshc` किंवा `ufshci` असेल तर यूएफएस. `sdhci` किंवा `mmc` असेल तर ईएमएमसी. काही फोनांत हे उत्तर रिकामं येतं, तेव्हा दुसरी आज्ञा:

```
adb shell "mount | grep -E 'block/(mmcblk|sd)'"
```

`mmcblk0p` ने सुरू होणारी नावं दिसली तर ईएमएमसी, `sda`, `sdc` अशी दिसली तर यूएफएस. यूएफएस लिनक्सला जुन्या हार्ड डिस्कसारख्या आज्ञांतूनच भेटतं, म्हणून त्याला डिस्कची नावं मिळतात. यूएफएस २.२ की ३.१ हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी चिपसेट आणि कंपनीचं पान यांवरच अवलंबून राहावं लागतं.

खरी रॅम किती, हे पाहायला:

```
adb shell cat /proc/meminfo
```

`MemTotal` ही ओळ पाहा. आकडा केबीमध्ये असतो. ८ जीबीच्या फोनमध्ये तो पंचाहत्तर लाखांच्या आसपास दिसेल, ६ जीबीच्या फोनमध्ये साधारण पंचावन्न लाख. थोडी रॅम हार्डवेअर आधीच राखून ठेवतं, म्हणून आकडा पूर्ण दिसत नाही, आणि त्यात गैर काही नाही. वाढीव रॅम या ओळीत कधीच मोजली जात नाही, ती `SwapTotal` मध्ये असते. दुकानदाराने १६ सांगितले आणि इथे पंचाहत्तर लाख दिसले, तर खरे आठच.

आता लिहिण्याचा वेग. एक जीबीची तात्पुरती फाइल लिहून पाहू:

```
adb shell dd if=/dev/zero of=/data/local/tmp/t.bin bs=1048576 count=1024 conv=fsync
adb shell rm /data/local/tmp/t.bin
```

पहिल्या आज्ञेच्या शेवटी सेकंद आणि वेग छापला जातो. शेवटचं `conv=fsync` गाळू नका. ते नसेल तर डेटा रॅममध्ये टेकवूनच आज्ञा ‘झालं’ म्हणते आणि अशक्य वाटावा असा आकडा येतो. ईएमएमसीवर शंभर ते दोनशे एमबी आणि यूएफएस २.२ वर त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसायला हवं. यूएफएस २.२ मध्ये ‘राइटबूस्टर’ नावाची सोय आहे: आलेला डेटा आधी चिपच्या एका वेगवान भागात घेतला जातो आणि सवडीने मूळ जागी हलवला जातो. एक जीबीची चाचणी या वेगवान भागातच मावते, म्हणून आकडा थोडा जास्तच गोंडस येतो. रोजच्या वापरातही एका दमात एवढंच लिहिलं जातं, त्यामुळे तो खोटा म्हणता येणार नाही. चाचणी दोन-तीनदाच करा. फ्लॅश मेमरी लिहिण्याने झिजते.

अशाच चाचणीने वाचनाचा वेग मोजायला जाऊ नका. नुकतीच लिहिलेली फाइल रॅममध्येच असते, आणि वाचताना तुम्ही रॅमचा वेग मोजाल. संगणकावरून फोनमध्ये सिनेमा कॉपी करून वेग पाहण्याची पद्धतही इथे कामाची नाही. या किमतीच्या बहुतेक फोनांचं टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी २.० असतं, जे ३५–४० एमबीच्या पुढे जात नाही. चार जीबीच्या सिनेमाला दोन्ही फोनांवर सारखीच दोनेक मिनिटं लागतील आणि निष्कर्ष निघेल की फरक काहीच नाही.

तपासणी झाली की ‘USB debugging’ आणि ‘Developer options’ दोन्ही बंद करा. काही बँकांची अॅप ते चालू दिसलं की उघडायला नकार देतात.

## जास्त जागा हवी असेल तर

१२८ जीबी अपुरे पडतील ही भीती अनेकांना ईएमएमसीच्या २५६ जीबीकडे ढकलते. आधी सध्याच्या फोनमधलं स्टोरेजचं पान उघडून जागा कुठे गेली ते पाहावं. बहुतेकदा फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅपची माध्यमं हेच सगळं खातात, अॅप तीस-चाळीस जीबीच्या आतच असतात. फोनला मायक्रोएसडीची खाच असेल तर हा साठा कार्डवर टाकता येतो. व्हिडिओ सलग वाचला जातो, त्यामुळे कार्डचा मंदपणा तिथे खटकत नाही. अॅप मात्र कार्डवर हलवू नयेत. ए१ दर्जाच्या कार्डाला सेकंदाला विखुरलेली १,५०० वाचनं एवढीच किमान हमी असते. चार-चार केबीच्या तुकड्यांत ती सहा एमबी होतात, म्हणजे ईएमएमसीच्याही कितीतरी खाली. खरेदीआधी खाच स्वतंत्र आहे की दुसऱ्या सिमची जागा खाते, तेही विचारून घ्या.

## हातात ईएमएमसीचाच फोन असेल तर

सगळ्यात आधी वाढीव रॅम बंद करा. कंपनीगणिक तिचं नाव बदलतं: ‘RAM Plus’, ‘Memory extension’, ‘Extended RAM’, ‘RAM Boost’. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘RAM’ टाकलं की सापडते. बंद करून फोन रीस्टार्ट करा. ४ जीबी खऱ्या रॅमच्या फोनमध्ये बंद केल्यावर मागची अॅप जास्त वेळा बंद पडू लागली, तर सगळ्यात लहान आकड्यावर ठेवून पाहा.

दुसरं काम जागेचं. स्टोरेज ८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. फ्लॅश मेमरीत जुनं पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही, आणि पुसणं एकदम मोठ्या ठोकळ्याचंच होतं. मोकळे ठोकळे संपत आले की कंट्रोलरला एका छोट्या नोंदीसाठी आधी जुना डेटा इकडून तिकडे हलवावा लागतो. फोन ‘म्हातारा’ झाल्यासारखा वाटतो तो पुष्कळदा यामुळेच. पुसलेल्या फाइलींची जागा खरोखर मोकळी झाली आहे, हे चिपला सांगणारी ‘ट्रिम’ ही सोय अँड्रॉइडमध्ये ४.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून आहे. त्याआधी गूगलच्या पहिल्या नेक्सस ७ टॅबलेटची वर्षभरातच मंद पडल्याची रडकथा तेव्हा बरीच गाजली होती.

हे ट्रिम आपोआप चालतं, पण फोन पडून असेल आणि चार्जिंगला असेल तेव्हा. दिवसा गाडीत, दुकानात तुकड्या-तुकड्याने चार्ज करणाऱ्यांच्या फोनला ती संधीच मिळत नाही. आठवड्यातून एक-दोन रात्री फोन चार्जरला लावून ठेवला तरी पुरतं. हाताने चालवायचं असेल तर:

```
adb shell sm fstrim
```

तिसरं म्हणजे अपडेटची वेळ. प्ले स्टोअरचे आपोआप अपडेट बंद करून झोपण्याआधी हाताने लावावेत, म्हणजे सकाळच्या धावपळीत ते आडवे येत नाहीत. व्हॉट्सअॅपमध्ये माध्यमं आपोआप उतरवणं बंद केलं तर दिवसभराचं बारीक लिहिणंही बरंच कमी होतं. चाळीस जणांच्या कुटुंब-गटात सकाळी सात वाजता येणारी फुलांची चित्रं काही कमी नसतात.

फॅक्टरी रीसेटने ईएमएमसीचा फोन ताजातवाना होतो हे खरं आहे, कारण सगळे ठोकळे एकदम मोकळे होतात. त्यानंतर जुना बॅकअप आणि तीच सत्तर अॅप परत टाकली की फोन महिन्याभरात होता तिथेच येतो. रीसेट करायचाच तर आधी फोटो बाहेर काढा, आणि परत टाकताना रोज लागणारीच अॅप टाका.

जुना फोन विकत घेतानाही हाच क्रम लावता येतो, फक्त तिथे ‘dd’ ची चाचणी टाळू नये. ईएमएमसीचा दोन-तीन वर्षं काठोकाठ भरून वापरलेला फोन रीसेट करून चकचकीत केलेला असतो आणि पहिल्या पाच मिनिटांत छान चालतो. लिहिण्याचा वेग पन्नास एमबीच्या खाली आला, किंवा एकापाठोपाठ तीन चाचण्यांत आकडा निम्म्याने घसरत गेला, तर चिप थकली आहे. तसा फोन कितीही स्वस्त मिळत असला तरी परत करावा, कारण ही चिप बोर्डावर डाग दिलेली असते आणि ती बदलण्याचा खर्च त्या फोनला परवडत नाही.